मुख्याध्यापकांना लिहायचे एक पत्र

ज्याची बोटे नीट हलत नाहीत अशा विद्यार्थ्याला शाळेत लिहिता यावे म्हणून पालक किंवा शिक्षक मुख्याध्यापकांना अर्ज करतात. तो अर्ज बहुधा दोन ओळींचा असतो. ‘माझ्या पाल्यास हाताचा त्रास असल्याने संगणकाची सोय व्हावी, ही नम्र विनंती.’ त्यावर उत्तरही दोन ओळींचेच येते. ‘सध्या निधी उपलब्ध नाही. विचार करू.’ या उत्तराचा दोष केवळ मुख्याध्यापकांना देऊन भागणार नाही. कोणता संगणक, कसला कळफलक, तो कोठे ठेवायचा आणि त्याने नेमके काय साधणार, यातले काहीच अर्जात नसते. मग वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एखादे महागडे परदेशी यंत्र उभे राहते आणि कागद फाइलीत जातो.

माझे मत असे की, हा अर्ज मुळात मोजमापांचा असायला हवा. ज्या बोटांसाठी आपण सोय मागतो आहोत, त्या बोटांना काय जमते आणि काय जमत नाही हे आधी मोजावे; मग कळफलकात कोणता बदल हवा ते ठरवावे आणि तेवढेच मागावे. असे केले तर बहुतेक वेळा मागणी इतकी लहान होते की ती नाकारणे अवघड जाते. हे काम डॉक्टरांवाचून अडत नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला जेवढे भौतिकशास्त्र येते तेवढे त्यास पुरे आहे. कसे ते एका उदाहरणावरून पाहू.

धुळे जिल्ह्यातील एका खेड्यातला नववीचा एक विद्यार्थी आहे. लहानपणी उकळते पाणी सांडून त्याचे दोन्ही हात भाजले. जखमा भरताना कातडी आक्रसली आणि बोटे आतल्या बाजूस वळून तशीच राहिली. डाव्या हाताची तर्जनी सरळ होते व हलते. उजव्या हाताचा फक्त अंगठा थोडा हलतो. बाकीची बोटे मुठीत मिटल्यासारखी असतात. खांदा आणि कोपर मात्र उत्तम चालतात. पेन धरून तो दोन-तीन ओळी लिहितो, मग मनगट दुखू लागते. विज्ञान आणि गणित त्याचे आवडते विषय आहेत. लेखनिक दिला तर इतिहासाचे उत्तर निभते. पण समीकरण सोडवताना मधली पायरी खोडायची, पुन्हा मांडायची, हे दुसऱ्याच्या हाताने करणे फार जड जाते. त्याच्या वडिलांनी दोन ओळींचा अर्ज केलाच होता आणि दोन ओळींचे उत्तरही त्यांच्याकडे होते. जळगावला माझ्याकडे ते आले तेव्हा आम्ही नवा अर्ज लिहिण्याआधी मोजायला बसलो.

पहिले माप जोराचे. कळ दाबायला किती बल लागते? हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. खोडरबराचा साधारण एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा तुकडा कापून तो एखाद्या कळीच्या मधोमध ठेवा. त्यावर दहा रुपयांची नाणी एकावर एक रचत जा. चळत पडू नये म्हणून तिच्याभोवती कागदाची सैल नळी धरा. पडद्यावर अक्षर उमटले की थांबा. दहा रुपयांच्या नाण्याचे वस्तुमान सुमारे ७.७ ग्रॅम असते. आमच्या कळफलकावर सात नाण्यांनी अक्षर उमटले. रबराचे सुमारे दीड ग्रॅम धरून हे वस्तुमान सुमारे ५५ ग्रॅम झाले. F = mg या सूत्राने बल येते ०.५४ न्यूटन. आता स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मुलाला त्याच बोटाने दाबायला सांगा. आमच्या विद्यार्थ्याच्या तर्जनीने काटा सहज ३०० ग्रॅम दाखवू लागला आणि अंगठ्याने १८० ग्रॅम. म्हणजे जोर ही त्याची अडचण नव्हतीच. एखाद्या मुलाचा आकडा ४० ग्रॅमवर अडला असता तर नेहमीचा कळफलक त्याच्या कामाचा नव्हता. त्याला स्पर्शपडदा द्यावा लागला असता, कारण तेथे दाबावे लागत नाही, नुसते टेकवावे लागते.

दुसरे माप पोहोचीचे. कोपर टेबलावर टेकवून मूल बोटाने केवढे अंतर डावी-उजवीकडे गाठते? नेहमीच्या कळफलकावर शेजारच्या दोन कळींच्या मध्यांतील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. वरच्या ओळीत Q पासून P पर्यंत नऊ अंतरे, म्हणजे १७१ मिलिमीटर. आमच्या विद्यार्थ्याचा हात कोपर उचलून याच्या दुप्पटही जात होता. पोहोच ही देखील त्याची अडचण नव्हती.

येथे थोडे थांबून मोठ्या कळांच्या कळफलकाविषयी बोलले पाहिजे, कारण दिव्यांग मुलासाठी काही घ्यायचे म्हटले की लोक प्रथम तोच सुचवतात. कळ मोठी म्हणजे काम सोपे, असे वाटते खरे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की, लक्ष्यापर्यंत हात नेण्याचा वेळ हा अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. कळा दुप्पट रुंद केल्या की त्यांतील अंतरही दुप्पट होते आणि गुणोत्तर जेथल्या तेथेच राहते. म्हणजे वेग काही वाढत नाही. हात मात्र दुप्पट हलवावा लागतो. ज्या मुलाचा हात लांब जातो पण थरथरतो किंवा झटके देतो, त्याला मोठी कळ उपयोगी पडते, कारण तिथे नेम चुकत नाही. उलट स्नायू दुबळे झालेल्या मुलाचा नेम अचूक असतो, पण हात फार हलत नाही. त्याला लहान, आटोपशीर कळफलकच बरा. एकाला जे औषध ते दुसऱ्याला अडथळा ठरते. म्हणून ‘विशेष कळफलक द्यावा’ एवढेच लिहिणे घातक आहे. शाळेने खर्च करून भलतीच वस्तू आणली की ती कपाटात पडते आणि पुढच्या मुलाच्या अर्जाला तेच कारण दाखवले जाते.

तिसरे माप म्हणजे आमच्या विद्यार्थ्याची खरी अडचण होती. त्याला एका वेळी एकच कळ दाबता येई, आणि ती दाबताना मिटलेली बोटे शेजारच्या कळांना घासून नको ती अक्षरे उमटत. इंग्रजी लिहिताना एका वेळी एक कळ दाबून बरेचसे भागते, कारण मोठी अक्षरे क्वचित लागतात. मराठीत तसे नाही. शासकीय संगणकांवर चालणारा इनस्क्रिप्ट हा कळविन्यास १९८६ साली ठरला. त्यात अल्पप्राण व्यंजन आणि त्याचे महाप्राण एकाच कळीवर ठेवले आहेत. नुसते K दाबले की क, आणि शिफ्टची कळ धरून K दाबले की ख. तसेच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. ळ, श आणि ण यांनाही शिफ्ट लागते. रचना मोठी शास्त्रशुद्ध आहे, पण ती दोन मोकळ्या हातांसाठी आहे.

आपल्याच भागाची नावे घेऊन पाहा. ‘जळगाव’ या शब्दात ज, ळ, ग, काना आणि व अशा पाच कळा लागतात व ळ साठी एकदा शिफ्ट. ‘धुळे’ मध्ये ध, उकार, ळ आणि मात्रा अशा चार कळा, पण शिफ्ट दोनदा. ‘खानदेश’ मध्ये सहा कळा आणि ख व श साठी दोनदा शिफ्ट. ज्याला दोन कळा एकाच वेळी धरता येत नाहीत त्याच्या हातून ‘धुळे’ऐवजी ‘दुले’सारखे काहीतरी उमटते. त्याला स्पेलिंग येत नाही असा समज करून घेणारे शिक्षकही असतात. खरे तर त्याचे शुद्धलेखन पक्के असते. शिफ्ट धरायला बोट नसते.

या अडचणीवरचा उपाय जवळजवळ प्रत्येक शाळेच्या संगणकात आधीपासून आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हॅन्डरहायडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सोयी तयार केल्या आणि १९९५ च्या विंडोजपासून त्या संगणकाबरोबरच येऊ लागल्या. पडद्यावर त्यांपैकी एकीचे नाव Sticky Keys असे दिसते. ती चालू केली की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. शिफ्ट एकदा दाबून सोडा, मग सावकाश O दाबा, ध उमटतो. म्हणजे जे काम एकाच वेळी दोन बोटांनी व्हायचे ते एकामागून एक एकाच बोटाने होते. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ही सोय चालू करण्याविषयी विचारणा होते. नव्या विंडोजमध्ये ती अशी सापडते:

```
Settings > Accessibility > Keyboard > Sticky keys
```

पण येथे एक खाच आहे, आणि अनेकांचा प्रयत्न तेथेच फसतो. दोन कळा एकदम दाबल्या गेल्या की ही सोय आपोआप बंद व्हावी, असा एक पर्याय त्याच पानावर असतो. सामान्य माणसाने चुकून ती चालू केली तर सुटका व्हावी म्हणून तो ठेवला आहे. आमच्या विद्यार्थ्याची मिटलेली बोटे शिफ्टबरोबर दुसऱ्या कळीला घासली की सोय गुपचूप बंद पडे आणि त्याला वाटे की संगणक बिघडला. ओळखण्याची खूण सोपी आहे. सुरुवातीच्या दोन-तीन ओळी ठीक आणि मग एकाएकी सगळे ख, ध, ळ नाहीसे होऊन त्यांच्या जागी क, द, ल येऊ लागले, तर हा पर्याय बंद करायचा राहिला आहे असे समजावे. उलट सगळीच अक्षरे शिफ्टची येऊ लागली, तर शिफ्ट दोनदा दाबली जाऊन अडकली आहे; तिसऱ्यांदा दाबली की सुटते.

घासून उमटणाऱ्या अक्षरांवर संगणकात आणखी एक तोड आहे. Filter Keys या सोयीत असे ठरवता येते की, कळ ठरावीक काळ दाबून धरली तरच अक्षर घ्यायचे. ओझरता स्पर्श मग धरला जात नाही. पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. प्रत्येक कळीला ०.३ सेकंद थांबावे लागले तर हजार कळांमागे ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे गेली. परीक्षेत पाच मिनिटे काही थोडी नव्हेत. म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला, तो म्हणजे भोकांची जाळी.

ही जाळी म्हणजे ॲक्रिलिकचा एक पत्रा. प्रत्येक कळीच्या बरोबर वर त्याला एक भोक असते. तो कळफलकावर काही मिलिमीटर उंच बसवतात. हात खुशाल पत्र्यावर टेकवावा. भोकातून बोट आत घातल्याशिवाय कळ दाबली जात नाही. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडे लेसरने ॲक्रिलिक कापण्याचे यंत्र असले की हे काम होते. आमची जाळी जळगावातच कापून घेतली. पहिला पत्रा तीन मिलिमीटर जाडीचा होता. हाताचा भार पडताच तो मध्ये वाकला आणि खालच्या कळा आपोआप दाबल्या जाऊ लागल्या. पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो हे तुम्ही पुढे शिकाल. जाडी तीनवरून पाच केली की ताठरपणा १२५ भागिले २७, म्हणजे साडेचारपटीहून अधिक होतो. पाच मिलिमीटरचा पत्रा आणि मधोमध दोन कळांच्या फटीवर उभे केलेले दोन लहान खुंट, एवढ्याने काम झाले. भोकाचा व्यास बोटाचे टोक मोजून ठरवावा. आम्ही १४ मिलिमीटर ठेवला. भोक फार मोठे झाले तर बोट शेजारच्या कळीवर घसरते आणि फार लहान झाले तर कातडी घासते. भाजलेल्या, पातळ कातडीच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष द्यावे लागते, म्हणून भोकांच्या कडा पॉलिश पेपरने गोल करून घेतल्या.

आता या सगळ्याचा उपयोग झाला की नाही, हेही मोजूनच ठरवायचे. पाठ्यपुस्तकातला एकाच प्रकारचा उतारा आणि प्रत्येक वेळी दहा मिनिटे, अशी आमची पद्धत होती. चुका दुरुस्त करून उरलेल्या योग्य कळांची संख्या मोजायची. काहीच सोय नसताना त्याने दहा मिनिटांत ११० कळा दाबल्या. Sticky Keys चालू केल्यावर १७० झाल्या आणि जाळी बसवल्यावर २१०. शेवटच्या वेळी पहिल्या पाच मिनिटांत १०८ आणि पुढच्या पाच मिनिटांत १०२, म्हणजे हात फारसा थकतही नव्हता. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पहिल्या पाच मिनिटांत जोरात लिहून पुढे हात गळून जात असेल, तर तो कळफलक तीन तासांच्या कामाचा नव्हे.

पण याच आकड्यांवरून या सोयीची मर्यादाही दिसते आणि ती अर्जात लपवू नये. मराठीत एका शब्दाला मात्रा, शिफ्ट आणि मोकळी जागा धरून सरासरी आठ कळा मानल्या, तर शंभर शब्दांच्या उत्तराला ८०० कळा लागतील. मिनिटाला २१ कळांच्या वेगाने त्यास ३८ मिनिटे हवीत. दहावीच्या विज्ञानाच्या एका भागाची परीक्षा ४० गुणांची आणि दोन तासांची असते. तासाला वीस मिनिटे जादा मिळाली तरी एकंदर १६० मिनिटे होतात. सगळी उत्तरे टंकलिखित करायची म्हटली तर ती पुरणार नाहीत. म्हणून आम्ही सगळेच मागितले नाही. समीकरणे, गणिते आणि लहान उत्तरे तो स्वतः लिहील. दीर्घ उत्तरे लेखनिकाला सांगेल. आकृत्या लेखनिक त्याच्या सांगण्यावरून काढील. असे मिश्र मागणे केल्याने काही बिघडत नाही. उलट ज्या ठिकाणी मुलाचा स्वतःचा हात असणे सर्वांत गरजेचे आहे तेथे तो राहतो.

बोलून लिहिण्याची सोय का नको, असे काही शिक्षक विचारतात. घरी अभ्यासाला ती चांगली आहे. वर्गात मात्र चाळीस मुलांचा आवाज असतो, आणि वर्गमूळ कोठपर्यंत आहे हे तोंडी सांगणे किती कठीण, ते एकदा करून पाहावे.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सोळाव्या कलमाप्रमाणे, शासनाचे अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी अशी तरतूद आहे. वाजवी म्हणजे संस्थेवर अवाजवी बोजा न टाकणारी. आणि बोजा किती ते तुमची मोजमापेच सांगतात. ‘प्रमाणपत्रावर चाळीस टक्के नाहीत, म्हणून सोय नाही’ असे उत्तर कधी कधी मिळते. विकास कुमार या लोकसेवा आयोगाच्या परीक्षार्थीची बोटे लिहू लागताच आखडत असत आणि त्यांना लेखनिक याच कारणाने नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांच्या बाजूने निकाल देताना स्पष्ट केले की, वाजवी सोय मिळण्यास चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. परीक्षांसाठी केंद्र शासनाने २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, संगणकावरील परीक्षेत स्वतःचा कळफलक आणण्यास मुभा असावी आणि परीक्षेआधी एक दिवस तो संगणक तपासू द्यावा, असे होते. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात. तेव्हा त्या वर्षी लागू असलेला नियम बोर्डाकडून लेखी मागवून घ्यावा.

आमचे पत्र शेवटी असे झाले:

> मा. मुख्याध्यापक यांस,
>
> स. न. वि. वि.
>
> आपल्या शाळेतील इयत्ता नववीच्या या विद्यार्थ्यास डाव्या हाताची तर्जनी आणि उजवा अंगठा एवढीच बोटे वापरता येतात. त्याच्या हातात जोर पुरेसा आहे व हात कळफलकभर पोहोचतो. परंतु दोन कळा एकाच वेळी दाबता येत नाहीत आणि मिटलेली बोटे शेजारच्या कळांना लागतात. दहा-दहा मिनिटांच्या तीन चाचण्यांचा तक्ता सोबत जोडला आहे.
>
> त्यावरून पुढील विनंती आहे. संगणक कक्षातील एक ठरावीक संगणक त्याच्यासाठी नेमावा व त्यावर त्याचे स्वतंत्र खाते उघडून Sticky Keys चालू ठेवावी. दोन कळा दाबल्यावर ती बंद होण्याचा पर्याय काढून टाकावा. कळफलक व त्यावरील जाळी पालक देतील. ती त्याच संगणकापाशी राहू द्यावी. कोपर आणि कळफलक एका पातळीत यावेत म्हणून उंच खुर्ची व पायाखाली पाट द्यावा. येत्या घटक चाचणीपासून विज्ञान व गणितातील लहान उत्तरे आणि उदाहरणे त्यास संगणकावर लिहू द्यावीत. दीर्घ उत्तरांस व आकृत्यांस लेखनिक असावा. चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊन आपणांस आकडे कळवू. उपयोग होत नाही असे दिसल्यास व्यवस्था बदलावी.
>
> हीच व्यवस्था दहावीच्या परीक्षेत मिळावी यासाठी बोर्डाकडे शाळेमार्फत आताच पत्र जावे, ही विनंती.
>
> कळावे,
> आपले विश्वासू,
> पालक व विज्ञान शिक्षक

या पत्रात शाळेला खर्च म्हणून फक्त एक खुर्ची आणि एक पाट आहे. मुख्याध्यापकांनी ते वाचून संगणक शिक्षकांना बोलावले आणि त्याच आठवड्यात खाते उघडले गेले.

स्वतंत्र खात्याचा आग्रह का, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावे. या सोयी संगणकात खात्याबरोबर जपल्या जातात. सगळ्या वर्गाचे एकच खाते असेल तर तासाला येणारा पुढचा मुलगा कंटाळून त्या बंद करतो, आणि रोजची पहिली दहा मिनिटे पुन्हा चालू करण्यात जातात. संगणक ठरावीक असावा याचेही कारण तेच; कळफलकाच्या प्रत्येक नमुन्यात कळांच्या जागा थोड्या वेगळ्या असतात आणि एकाची जाळी दुसऱ्यावर बसत नाही.

अर्ज आठवी-नववीतच करावा, दहावीच्या जानेवारीत नव्हे, हे माझे शेवटचे आणि आग्रहाचे म्हणणे. मिनिटाला एकवीस कळा हा वेग सरावाने वाढतो, पण त्याला महिने लागतात. शिवाय शाळेतल्या चाचण्या त्याच पद्धतीने झाल्याची नोंद असली की बोर्डाकडे मागताना हातात पुरावा असतो. परीक्षेच्या तोंडावर नवा कळफलक पुढे ठेवणे म्हणजे शर्यतीच्या दिवशी नवे बूट देण्यासारखेच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात जा. नाण्यांनी कळीचे बल मोजा. मग एक हात पाठीमागे धरून, फक्त एका बोटाने, इनस्क्रिप्टमध्ये आपले आणि आपल्या गावाचे नाव Sticky Keys शिवाय आणि नंतर तिच्यासह लिहून पाहा; दोन्ही वेळा घड्याळ लावा. आलेले आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. तुमच्या वर्गात ज्याला असे पत्र लिहायचे असेल, त्याच्या तक्त्याची पहिली ओळ त्या वहीतून मिळेल.